मीठ केव्हा घालावे? एक विचार

नायगावातील माझ्या चिकित्सालयात गर्भिणी रुग्णांकडून एक प्रश्न वारंवार येतो: “वैद्य, मीठ उकळले की त्यातले आयोडीन उडून जाते का?” आपल्या व्यवसायबंधूंनी याचे उत्तर नेमकेपणाने द्यावे, असे मला वाटते.

आपल्याकडील मिठात पोटॅशियम आयोडेट मिसळतात. आयोडाइडपेक्षा हे संयुग दमट हवेत व उष्णतेत अधिक टिकते. तरीही शिजताना अन्नातील काही घटक त्याचे रूपांतर मुक्त आयोडीनमध्ये करतात आणि ते वाफेबरोबर निघून जाते. भारतीय पाककृतींवरील १९९५ च्या एका अभ्यासात ही हानी उघड्या भांड्यात उकळताना सरासरी ३७ टक्के, प्रेशर कुकरमध्ये २२ टक्के आणि भाजताना केवळ ६ टक्के आढळली. म्हणजे आयोडीन घटते, नाहीसे होत नाही.

आता हिशेब पाहू. किरकोळ विक्रीच्या मिठात किमान १५ भाग प्रतिदशलक्ष आयोडीन असावे, असा दंडक आहे. अशा १० ग्रॅम मिठातून १५० मायक्रोग्रॅम आयोडीन मिळते. प्रौढाची दैनंदिन गरजही तेवढीच. सगळे मीठ उघड्यावर उकळले तर सुमारे ९५ उरतात, कुकरमध्ये सुमारे ११७. म्हणून आमटीला शेवटची उकळी आली की आच बंद करून मीठ घालावे व ढवळावे. भाताची पेज किंवा भाजीचे पाणी टाकून द्यायचे असेल, तर त्यात आधी मीठ घालूच नये. विरघळलेले आयोडेट पाण्याबरोबर मोरीत जाते. कणकेत मात्र मीठ मळतानाच पडते. त्याची चिंता नको, कारण भाजण्यात हानी अल्प आहे.

परंतु खरी त्रुटी चुलीवर नाही, आपल्या चिठ्ठीवर आहे. चरकाचार्यांनी लवणांत सैंधवाला श्रेष्ठ मानले, म्हणून आपण ते सहज लिहून देतो. बाजारातील बहुतेक सैंधव आयोडीनयुक्त नसते व त्यात नैसर्गिक आयोडीन नगण्य असते. उकळण्याने तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक आयोडीन जाते. मीठ निम्मे केल्यास निम्मे जाते. केवळ सैंधवावर ठेवल्यास जवळजवळ सर्वच. गर्भिणीची गरज तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २५० मायक्रोग्रॅम आहे, आणि गर्भाच्या मेंदूची वाढ तिच्यावर अवलंबून आहे.

अतिलवण सेवन चरकांनीच वर्ज्य सांगितले आहे. तेव्हा मीठ कमी करण्याचा सल्ला योग्यच. मात्र जे थोडे खायचे, ते आयोडीनयुक्त असावे. सैंधव औषधी कल्पांत राहू द्यावे. रोजच्या स्वयंपाकात, विशेषतः गर्भिणीच्या व स्तनदा मातेच्या, त्यास एकमेव मीठ करू नये. औषधविक्रेत्या बंधूंनीही सैंधवाचे पाकीट देताना त्यावर ‘आयोडीनयुक्त’ असे छापले आहे का, हे ग्राहकास दाखवून द्यावे.