‘पर्यंत’ म्हणजे नेमका कोणता दिवस?

रतीब म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापाने, रोज न सांगता घरी येणारा पुरवठा; आणि त्यातला ‘न सांगता’ हा भाग या व्यवहाराचा पाया आहे. दुकानातून दूध आणताना प्रत्येक खरेदी ही नवी मागणी असते, रतिबात मात्र मागणी एकदाच केलेली असते आणि ती मागे घेईपर्यंत चालू राहते. त्यामुळे रतिबाचा हिशेबही उलट्या बाजूने ठेवला जातो. ज्या दिवशी दूध आले त्याची नोंद सहसा कोणी करत नाही. ज्या दिवशी आले नाही त्याचीच खूण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकटीत होते, आणि त्या चुकलेल्या दिवसाला मराठीत ‘खाडा’ असा नेमका शब्द आहे. महिन्याचे दिवस, वजा खाडे, गुणिले माप, गुणिले दर एवढेच दुधाचे बिल असते.

गावाला जाताना दूधवाल्याला किंवा डबेवाल्या काकूंना जो निरोप दिला जातो, तो या दृष्टीने पाहिला तर एकच सूचना राहत नाही. चालू मागणी एका दिवसापुरती नव्हे तर काही दिवसांपुरती थांबवणे आणि तीच मागणी ठरलेल्या दिवशी पुन्हा उभी करणे, अशी दोन कामे त्याला करायची असतात. बहुतेक निरोप पहिले काम करतात आणि दुसरे अर्धवट सोडतात. ‘गावाला चाललो, दूध बंद ठेवा, आल्यावर सांगतो’ हा निरोप रतीब थांबवत नाही, तो रतीब मोडतो. कारण पुन्हा सुरू होण्याची तारीख नसलेले दूध दूधवाल्याला कायमचे दुसऱ्या घरी लावता येते, आणि तसे त्याने केले तर त्यात त्याची चूक धरता येत नाही.

तारखेचे महत्त्व पुरवठादाराच्या बाजूने पाहिल्यावर अधिक स्पष्ट होते. नागपुरात घरोघरी येणारे दूध मुख्यतः दोन प्रकारचे असते. एक गवळ्याचे सुटे दूध, जे तो किंवा त्याचा माणूस कॅनमधून आणून मापाने पातेल्यात ओततो. दुसरे पिशवीचे दूध, जे डेअरीकडून एजंटकडे आणि एजंटकडून वाटप करणाऱ्या पोऱ्याच्या हातून फाटकाला अडकवलेल्या थैलीत येते. गवळ्याची अडचण अशी की ग्राहक गावाला गेला म्हणून म्हैस दूध द्यायची थांबत नाही. रोजचे दीड लिटर एका घराने नाकारले तर ते त्याच सकाळी चहाच्या टपरीला, मिठाईवाल्याला किंवा एखाद्या कार्य असलेल्या घराला द्यावे लागते, नाही तर विरजण लावावे लागते. आठ दिवसांसाठी असे तात्पुरते गिऱ्हाईक शोधता येते, पण किती दिवसांसाठी शोधायचे हे ठाऊक असेल तरच. पिशवीच्या दुधात अडचण वेळेची असते: एजंटला दुसऱ्या दिवशीच्या पिशव्यांची मागणी आदल्या दिवशीच नोंदवावी लागते, त्यामुळे रात्री दहाला पाठवलेला निरोप पोऱ्याने वाचला तरी पिशवी उतरलेली असते आणि तिचे पैसे कोणी द्यायचे हा वाद उरतो. म्हणून सुट्या दुधासाठी दोन-तीन दिवस आधी आणि पिशवीसाठी निदान आदल्या दुपारपर्यंत कळवणे योग्य, आणि तेही वाटणाऱ्या पोऱ्याला नव्हे, तर जो हिशेब लिहितो त्याला.

खरा गोंधळ मात्र भाषेत आहे. मराठीत ‘चार दिवस गावाला जाणे’ म्हणजे चार मोजून दिवस नव्हेत, थोडे दिवस. ‘आठ दिवस’ हा शब्द त्याहूनही अवघड, कारण आठवडा हे नावच आठावरून आलेले असून बोलताना रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंतचे दोन्ही रविवार धरले जातात. ‘आठ दिवसांनी या’ असे सोमवारी सांगितले तर ऐकणारा पुढच्या सोमवारी येतो, म्हणजे प्रत्यक्षात सात दिवसांनी. ‘पर्यंत’ या शब्दयोगी अव्ययातही शेवटचा दिवस आत आहे की बाहेर, हे ठरलेले नाही: ‘सतरापर्यंत बंद’ ऐकून एक जण सतराला दूध आणणार नाही, तर दुसरा सतराला सुरू करायचे असे समजेल, आणि दोघांचेही वाचन मराठीला धरून आहे. ‘परवा’ हा शब्द मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही दिवसांना लागतो. त्यात नागपूर १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांताची आणि नंतर मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि हिंदी व मराठी या शहरात पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आल्या आहेत. दूधवाला हिंदी बोलणारा असेल तर ‘कल’ या एका शब्दात काल आणि उद्या दोन्ही मावतात, आणि ‘कल से बंद’ हा निरोप पाठवणाऱ्याच्या मनातला दिवस फक्त संदर्भावर टिकून राहतो.

या सर्वांवर वेळेचा एक निराळा पेच आहे, जो मोबाइलवरच्या निरोपाने वाढवला. रविवारी रात्री अकराला लिहिलेले ‘उद्यापासून’ म्हणजे लिहिणाऱ्याच्या मते सोमवार. पण कॅन भरायला पहाटे चारला उठलेला दूधवाला तो निरोप सोमवारी वाचतो आणि त्याच्यासाठी ‘उद्या’ मंगळवार असतो. समोरासमोरच्या बोलण्यात हा प्रश्न येत नाही, कारण तिथे बोलणारा आणि ऐकणारा एकाच दिवशी असतात. लेखी निरोपात ते वेगवेगळ्या दिवशी असू शकतात, आणि म्हणून त्यात वार आणि तारीख दोन्ही लिहिण्याला पर्याय नाही. नुसती तारीख लिहिताना आकडा चुकू शकतो, नुसता वार लिहिताना आठवडा चुकू शकतो. दोन्ही लिहिले की एकाची चूक दुसरा उघडी पाडतो.

एक प्रवास तपशिलात घेऊन पाहावे. नागपुरातले एक कुटुंब शनिवारी, ९ मे २०२६ रोजी संध्याकाळच्या गाडीने पुण्याला निघणार आहे आणि परतीची गाडी रविवारी, १७ मे रोजी सकाळी साडेनऊच्या सुमारास नागपूरला पोहोचणार आहे. घरी रोज सकाळी सहाला दीड लिटर म्हशीचे दूध येते. शनिवारी सकाळी घरात माणसे आहेत, तेव्हा त्या दिवशीचे दूध हवे आहे. रविवारी सतराला माणसे परततात खरी, पण दूधवाल्याची वेळ आणि गाडीची वेळ यांत साडेतीन तासांचे अंतर आहे, आणि मे महिन्यात जिथे पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो त्या शहरात दारात ठेवलेले दूध तेवढ्या वेळात नासण्याचीच शक्यता अधिक. म्हणजे परतण्याचा दिवस आणि दूध सुरू करण्याचा दिवस एक नव्हे. या कुटुंबाने ‘रविवारपासून आठवडाभर दूध नको’ असे कळवले असते, तर दूधवाल्याने रविवार ते शनिवार असे सात दिवस धरले असते आणि सतराला सकाळी सहाला कुलूप लागलेल्या दारापाशी तो उभा राहिला असता. त्याऐवजी निरोप असा हवा:

‘नमस्कार भाऊ. दुसरा मजला, दीड लिटर म्हशीचे दूध. शनिवार ९ मेला सकाळी नेहमीप्रमाणे दूध द्या. रविवार १० मे ते रविवार १७ मे, दोन्ही रविवार धरून, आठ दिवस दूध नको. सोमवार १८ मेच्या सकाळपासून पुन्हा दीड लिटर सुरू करा. मे महिन्यात आठ खाडे धरा. निरोप मिळाला की कळवा.’

यात शेवटचे दूध, पहिला खाडा, शेवटचा खाडा आणि पुन्हा पहिले दूध असे चार दिवस नावानिशी आले आहेत. तारखांचे वाचन कोणी चुकीचे केलेच, तर खाड्यांचा आकडा ते पकडतो. दहा ते सतरा हे वजाबाकीने सात वाटतात, पण दोन्ही टोके धरली की आठ होतात, आणि ही चूक शिकलेल्या माणसांकडूनही सर्रास होते. दर सत्तर रुपये लिटर धरला, तर मे महिन्याचे तेवीस दिवस, साडेचौतीस लिटर आणि २,४१५ रुपये होतात. सात खाडे लावले तर छत्तीस लिटर आणि २,५२० रुपये. फरक एकशे पाच रुपयांचा आहे, पण महिनाअखेरीस दारात होणारा वाद रकमेवरून क्वचितच होतो. तो बहुधा ‘तुम्ही सांगितलेच नव्हते’ या वाक्यावरून होतो, आणि त्याचे उत्तर तारीख असलेल्या निरोपातच मिळते.

डब्याच्या निरोपात एक गुंतागुंत जास्त आहे, कारण डबा दिवसावर नव्हे तर वेळेवर मोजला जातो. वरच्याच प्रवासाला दोन वेळच्या डब्याचे उदाहरण लावले, तर शनिवारचा सकाळचा डबा हवा, संध्याकाळचा नको. मधले सात दिवस दोन्ही वेळा नको. रविवारी सतराला सकाळचा नको, पण संध्याकाळचा हवा, कारण प्रवासातून आलेल्या घरात त्या संध्याकाळी चूल पेटण्याची शक्यता कमी. एकूण सोळा डबे बंद. ‘नऊ ते सतरा बंद’ असे लिहिले, तर काकू अठरा डबे वजा करतील आणि रविवारच्या रात्री घर उपाशी राहील; म्हणून इथे ‘शनिवार ९ मेच्या संध्याकाळपासून रविवार १७ मेच्या सकाळपर्यंत, दोन्ही वेळा धरून, सोळा डबे नको; रविवार १७ मेच्या संध्याकाळपासून सुरू’ असे वेळेसकट लिहावे लागते. अनेक मेसमध्ये एक-दोन दिवसांचा खाडा वजा होत नाही, सलग काही दिवस असतील आणि आधी कळवले असेल तरच होतो. हा नियम डबा लावतानाच विचारून ठेवलेला बरा.

डब्याच्या बाबतीत सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट निरोपात नसतेच, ती दारात असते. दोन डबे आळीपाळीने फिरतात: भरलेला येतो तेव्हा रिकामा परत जातो. शेवटचा डबा स्वयंपाकघराच्या ओट्यावर राहून घराला कुलूप लागले, तर काकूंचा एक डबा आठ दिवस अडकतो आणि जोडीतला दुसरा एकटाच राहतो. निघण्यापूर्वी धुतलेला डबा शेजारी द्यावा आणि तो कुठे ठेवला आहे हेही त्याच निरोपात लिहावे.

प्रवास लांबला, तर दुसरा निरोप जुन्या तारखेच्या किमान दोन दिवस आधी जायला हवा, आणि त्यात ‘अजून तीन दिवस’ असे न लिहिता ‘आधी सोमवार १८ मे सांगितले होते, आता गुरुवार २१ मेच्या सकाळपासून’ असे जुनी तारीख खोडून नवी लिहावी. एरवी ते तीन दिवस सतरापासून मोजायचे की अठरापासून, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. सर्व काही ठरल्याप्रमाणे पार पडले तरी रविवारी संध्याकाळी, सामान उघडायच्या आधी, एक ओळ पाठवण्याची सवय जुन्या गिऱ्हाइकांना असते: ‘भाऊ, आम्ही पोचलो. सोमवार १८ मे, सकाळी, दीड लिटर.’