ते मांजर येरमाळ्यात आणलंच कशाला?

येरमाळ्याच्या उन्हाळ्यात पर्शियन मांजर आणून ठेवणाऱ्याला मी प्राणिप्रेमी म्हणणार नाही. येडाईच्या चैत्र पौर्णिमेच्या यात्रेतच ऊन अंगाला चटके देतं, मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत पत्र्याच्या खोलीत ते लांब केसांचं जनावर फरशीला पोट लावून पडलेलं असतं आणि मालक ऐटीत सांगतो, ‘मांजराला काही करावं लागत नाही, ते आपलं आपण चाटून घेतं.’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्याच्या मांजराला चाटून अंग स्वच्छ करता येतच नाही. ती ताकद माणसाने पैदाशीच्या हौसेपायी काढून घेतली आहे.

मांजराच्या जिभेवर घशाकडे वाकलेले शेकडो काटे असतात. आपल्या नखांचा जो पदार्थ, तोच त्यांचा. हे काटे भरीव आहेत असा समज होता. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी 2018 साली ते बारकाईने तपासले, तेव्हा प्रत्येक काट्याच्या टोकाला पोकळ खोबण सापडली. तोंडातली लाळ त्या खोबणीत आपोआप ओढली जाते आणि काटा केसांत शिरला की तिथे उतरते. जिभेवरच्या एकूण लाळेपैकी जेमतेम 5 टक्के या खोबणींत मावते, पण केसांच्या मुळाशी पोचते ती हीच. उरलेली वरवर फिरते. काटा गुंत्यात अडकला की ताठ होतो आणि गुंता ओढून सोडवतो.

मांजराला घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना. बाकीच्या अंगाला थंडावा हवा तर ओल बाहेरून लावावी लागते. मुळाशी पोचलेली लाळ वाळताना कातडीतली उष्णता घेऊन जाते. शरीराला लागणाऱ्या थंडाव्यातला चौथा हिस्सा या वाटेने मिळू शकतो, असा त्याच संशोधकांचा हिशेब आहे. आपल्याकडच्या उन्हात चौथा हिस्सा ही किरकोळ गोष्ट नाही.

आता मोजा. घरगुती मांजराचा काटा सुमारे 2 मिलिमीटरचा. चाटताना जीभ केस दाबते. दाबलेल्या केसांचा थर काट्याच्या उंचीपेक्षा पातळ झाला, तरच टोक कातडीला लागतं. आपल्या गावठी मनीचे केस तेवढे दबतात. पर्शियनचे दबत नाहीत. ते बिचारं दिवसभर चाटत राहतं, लाळ वरच्या थरातच वाळते आणि खाली कातडी तापत राहते. काखेत, जांघेत, कानांमागे केसांच्या गाठी वळतात, त्या कातडीला ओढ देतात. त्यात चपटं नाक, म्हणजे धापा टाकून गार होण्याचा मार्गही अरुंद.

चाटण्याने मांजराचं मनही निवतं. उडी चुकली, फटाका फुटला, दुसऱ्या बोक्याशी जुंपता जुंपता राहिली, की ते लगेच बसून अंग चाटायला लागतं. अडचणीत सापडल्यावर ओळखीच्या कामाला लागणं ही त्याची रीत आहे. जन्मल्यापासून आईने चाटतच त्याला शांत केलेलं असतं. चाटणं धडपणी न जमणारं मांजर दुहेरी नाडलं जातं.

यावर काही शहाणे लगेच उलटं टोक गाठतात. पोट-मांड्यांवरचे केस चाटून चाटून गेले की ‘टेन्शन आलंय त्याला’ म्हणून मोकळे होतात. 2006 साली मानसिक कारणाचा संशय असलेली अशी 21 मांजरं पशुवैद्यकांनी नीट तपासली. त्यांतल्या 16 जणांत शारीरिक आजारच निघाला, बहुतेकदा खाज आणणारा. निव्वळ मानसिक कारण फक्त दोघांत. आधी पिसवा शोधा, कातडी दाखवा, मग मनाच्या गोष्टी करा. आणि पिसवांवर उपाय म्हणून रॉकेल, फिनेल किंवा कुत्र्याचं औषध मांजराच्या अंगावर टाकणाऱ्यांना तर मी दारातही उभं करणार नाही. अंगाला जे लागेल ते त्याच जिभेने पोटात जातं. कुत्र्यांच्या पिसवांच्या औषधात अनेकदा असणारं परमेथ्रिन मांजराचा जीव घेतं.

ज्यांनी पर्शियन आणलंच आहे, त्यांनी जिभेचं काम हातात घ्यावं. लांब दातांची धातूची फणी रोज फिरवावी. केस विंचरून झाले की फणीचे दात कातडीला लागतात का ते बघावं. लागत नसतील तर नुसता वरचा थर सारखा झालाय. गाठी कात्रीने कापू नयेत, गाठीबरोबर वर ओढली गेलेली कातडीही कापली जाते. ते काम पशुवैद्यकाच्या मशीनने व्हावं. दुपारी ओला हात मुळांपर्यंत फिरवावा आणि पंखा लावावा. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं, तर ते विश्रांती घेतंय असं समजू नका. पोट आणि पंजे साध्या पाण्याने भिजवा, बर्फ नको, आणि तसंच उचलून डॉक्टरांकडे न्या.