दुकानदाराची चिठ्ठी आणि मातीचा अहवाल जुळत नसेल तर विचारायचं

गावरान कांद्याच्या लागणीची तयारी चालू आहे. रोपं टाकून झाली, आता खताच्या दुकानात चकरा सुरू होतील. त्याआधी एक गोष्ट सगळ्या सभासदांच्या कानावर घालायची आहे. आपल्या कंपनीने केडगावातल्या एका खत विक्रेत्याला पत्र दिलं आहे. ते का दिलं, त्यात काय विचारलं आणि त्यावरून तुम्ही तुमच्या रानापुरता काय हिशोब करायचा, हे खाली सविस्तर लिहितो. संदेश मोठा आहे, पण जेवणानंतर निवांत वाचा. जमलं तर मातीचा अहवाल शेजारी घेऊन वाचा.

*झालं काय?*

आपल्या एका सभासदाने एक एकर काळ्या रानाची माती तपासून आणली. अहवालात नत्र हेक्टरी 165 किलो, म्हणजे कमी. स्फुरद 12 किलो, म्हणजे कमी. पालाश 520 किलो, म्हणजे अत्यंत जास्त. गंधकही कमी. सामू 8.2. नगर तालुक्यात काळ्या रानात राहणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. आपली माती बेसाल्ट खडकाची झीज होऊन झालेली आहे, तिच्यात पालाश जात्याच भरपूर असतो. उणीव असते ती नत्राची, आणि चुनखडीमुळे स्फुरदही अडकून बसतो.

हाच अहवाल घेऊन सभासद दुकानात गेला. चिठ्ठी मिळाली ती अशी: लागणीला 10:26:26 च्या तीन गोण्या, महिन्याने युरिया एक गोणी आणि पोटॅश एक गोणी. अहवाल काउंटरवरच राहिला. शेजारच्या गावातल्या दुसऱ्या सभासदाचा अहवाल वेगळा होता, त्यालाही चिठ्ठी हीच. मग कंपनीने पत्र लिहिलं.

*पत्राचा मजकूर*

"मा. कृषी सेवा केंद्र चालक, केडगाव यांस,
सप्रेम नमस्कार.

आमच्या सभासदास आपण कांद्यासाठी एकरी खताची जी शिफारस दिली, तिची आणि माती परीक्षण अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. दोन्ही शेजारी ठेवल्यावर काही शंका आल्या, त्या आपणास विचारत आहोत.

1. अहवालात पालाश अत्यंत जास्त आहे. तरीही शिफारशीत पालाश एकरी 69 किलो होतो. तो कोणत्या आधारावर धरला?
2. नत्र कमी असताना शिफारशीत तो एकरी सुमारे 36 किलोच येतो. बाकीचा कुठून द्यायचा?
3. गंधक कमी आहे. शिफारशीत गंधक असलेलं एकही खत नाही. ते राहून गेलं की मुद्दाम वगळलं?
4. सिंगल सुपर फॉस्फेट आपल्याकडे शिल्लक आहे का? नसल्यास कधी येईल?

आपला अनुभव मोठा आहे. आमचा हिशोब कुठे चुकत असल्यास लेखी कळवावे, आम्ही तो सभासदांपर्यंत पोचवू. उत्तर लागणीपूर्वी मिळाल्यास उपयोग होईल.

आपले,
संचालक मंडळ"

*आकडे कसे आले?*

हे आकडे कुणीही घरी काढू शकतो. गोणीवरचे तीन आकडे म्हणजे 100 किलो खतात नत्र, स्फुरद, पालाश किती किलो आहे ते. तीन गोण्या म्हणजे 150 किलो 10:26:26. त्यातून नत्र 15, स्फुरद 39, पालाश 39 किलो मिळाला. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत नत्र 46 टक्के, म्हणजे आणखी 20.7 किलो. पोटॅशच्या 50 किलोच्या गोणीत पालाश 60 टक्के, म्हणजे 30 किलो. बेरीज केली तर नत्र 35.7, स्फुरद 39, पालाश 69.

आता रानाला लागतं किती ते बघा. कांद्याला राहुरी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 100:50:50 आहे. अडीच एकरांचा हेक्टर, म्हणून एकरी 40:20:20. इथे बरेच जण फसतात, कारण अहवाल हेक्टरात असतो आणि दुकानातली चिठ्ठी एकरात.

ही शिफारस मध्यम जमिनीसाठी. अहवालात 'कमी' आलं तर मात्रा पाव पटीने वाढवायची, 'अत्यंत जास्त' आलं तर निम्मी करायची. म्हणजे आपल्या सभासदाला एकरी नत्र 50, स्फुरद 25 आणि पालाश 10 किलो पुरे. चिठ्ठीप्रमाणे टाकलं असतं तर पालाश जवळपास सातपट, स्फुरद दीडपट आणि नत्र मात्र चौदा किलोने कमी पडलं असतं. ज्याची उणीव त्यालाच कात्री, आणि जे रानात पडून आहे त्याचीच भर!

*मग टाकायचं काय?*

या एका एकराचा हिशोब असा बसतो. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या: त्यातून स्फुरद 24 किलो आणि वर 16 किलोच्या आसपास गंधक मिळतं, वेगळी पिशवी घ्यावी लागत नाही. पोटॅश 17 किलो. युरिया एकूण 108 किलो: निम्मा, म्हणजे 54 किलो, लागणीला, 27 किलो तीस दिवसांनी आणि 27 किलो पंचेचाळीस दिवसांनी. साठ दिवसांनंतर युरियाला हात लावू नका. उशिरा नत्र दिलं की मान जाड होते आणि तो कांदा चाळीत टिकत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. युरिया आणि सुपर एकत्र करून ठेवू नका, पाणी सुटून गचका होतो. टाकायच्या वेळीच मिसळा, नाहीतर वेगवेगळं टाका. आणि आपल्या चुनखडीच्या रानात युरिया वर उघडा पडला तर नत्र हवेत उडून जातं. टाकल्यावर लगेच मातीआड करा किंवा पाणी द्या.

हा हिशोब *त्या* रानाचा आहे. तुमच्या अहवालात पालाश मध्यम असेल तर तुमचा आकडा वेगळा येईल. हे तीन आकडे जसेच्या तसे उचलू नका, नाहीतर दुकानातली एकच चिठ्ठी आणि आपला संदेश यात फरक तो काय राहिला?

*दुकानदाराची बाजू*

समोरच्याचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. तो म्हणेल, पोटॅशशिवाय कांदा फुगत नाही, टिकत नाही. ज्या रानात पालाश कमी आहे तिथे हे खरं आहे. हलक्या मुरमाड माळरानात, किंवा वर्षानुवर्षं ऊस काढलेल्या रानात पालाश उतरलेला असू शकतो. पण 520 आकडा आलेल्या काळ्या रानात आणखी पोटॅश टाकून कांदा जास्त फुगेल, हे त्याने दाखवून द्यावं. आपणही पालाश शून्य केलेला नाही, पीक उचलतं तेवढ्यासाठी निम्मा ठेवलाच आहे.

तो असंही म्हणेल की अहवालच चुकीचा असेल. हीही शंका रास्त आहे. उकिरड्याजवळची, बांधाकडेची किंवा खत टाकल्या टाकल्या काढलेली माती दिली तर अहवाल खोटाच येणार. म्हणून नमुना नीट घ्या: नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी 'व्ही'सारखा खड्डा, त्याच्या कडेची माती, सगळी एकत्र करून शेवटी अर्धा किलो. काळं रान आणि मुरमाड पट्टा एकाच पिशवीत घालू नका.

आणि तिसरी गोष्ट, जी तो बोलणार नाही. त्याला जो माल वरून येतो तोच विकावा लागतो. सुपरला नफा कमी, जागा जास्त लागते. म्हणून आपण चौथा प्रश्न विचारला. माल नाही हे खरं कारण असेल तर ते त्याने सांगावं, मग आपण सभासदांची मागणी आधी गोळा करून देऊ. पण माल नाही म्हणून शिफारस बदलायची, आणि ती शेतीशास्त्र म्हणून सांगायची, हे चालणार नाही.

*पत्र कंपनीने का दिलं?*

काही सभासदांनी विचारलं, "उगाच कशाला वाकडं घ्यायचं? त्याच्याकडे आपली उधारी आहे." अगदी हेच कारण आहे. कांदा नेप्तीच्या बाजारात जाईपर्यंत ज्याच्या वहीत आपलं नाव आहे, त्याला एकट्या शेतकऱ्याने प्रश्न विचारणं अवघड जातं. उधारीवर घेणारा चिठ्ठीवर सही करतो, हुज्जत घालत नाही. कंपनीच्या नावाने पत्र गेलं की कुणा एकावर राग निघत नाही.

पत्रात तक्रार नाही, आरोप नाही. चुकीची शिफारस देणं आणि बनावट खत विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका. मात्र पक्क्या बिलाचं वेगळं आहे. खत नियंत्रण आदेश 1985 प्रमाणे बिल देणं आणि दुकानात साठा व दराचा फलक लावणं विक्रेत्याला बंधनकारक आहे. एका खतासोबत दुसरं गळ्यात मारलं जात असेल किंवा बिल मिळत नसेल, तर ते पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे न्यायचं. त्यासाठी आधी बिल मागायला शिका.

*आता तुम्ही काय करायचं?*

अहवाल आणि दुकानाची चिठ्ठी, दोन्हींचे फोटो कंपनीच्या कार्यालयात दाखवा. बेरीज आपण सोबत बसून करू. ज्यांना आपला हिशोब पटत नाही त्यांनी चार वाफे दुकानाच्या चिठ्ठीप्रमाणे ठेवा, बाकी अहवालाप्रमाणे. काढणीला दोन्हीकडचे तेवढेच वाफे वेगळे मोजा आणि चाळीत वेगळ्या गोण्यांत भरून दोन महिन्यांनी सड बघा. पात बोलते तीही बघा: जुनी पात आधी पिवळी पडली तर नत्र कमी, नवी कोवळी पात पिवळी निघाली तर गंधक कमी.

विक्रेत्याचं उत्तर आलं की ते जसंच्या तसं इथे टाकू, आपल्या विरोधात असलं तरी.

आपले,
संचालक मंडळ, केडगाव