दर म्हणायचा आणि छेद लपवायचा

शाळेत 'गुणोत्तर व प्रमाण' असं एक प्रकरण होतं. शाळा सुटली की ते दोन्ही शब्द मागे राहतात आणि आरोग्याच्या बातम्यांमध्ये एकच शब्द उरतो : दर. लिहिणाऱ्याला तो सोयीचा पडतो, कारण 'दर' म्हटलं की छेदात काय आहे हे कुणी विचारत नाही. 'हा शब्दांचा कीस आहे, आकडा तर बरोबर आहे ना?' असं यावर म्हटलं जातं. नाही, आकड्याचा अर्थच छेदावर ठरतो. उदाहरण म्हणून माता मृत्यू 'दर' घेऊ.

गरोदरपणात किंवा ते संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणाशी संबंधित कारणाने झालेला स्त्रीचा मृत्यू म्हणजे मातामृत्यू. अपघात त्यात धरत नाहीत. बातमीत येणारा आकडा असतो दर लाख जिवंत जन्मांमागे असे मृत्यू किती. अंशात बायका, छेदात बाळं. गर्भपातात दगावलेली स्त्री अंशात आहे, पण तिच्यामुळे छेदात काहीच वाढत नाही. अंश छेदाचा भाग नाही, म्हणून हे गुणोत्तर. खरं तर छेदात सगळी गरोदरपणं हवीत, पण त्यांची पूर्ण नोंद कुठेच होत नाही, म्हणून जन्मांवर भागवलं जातं.

दर निराळा. त्याच्या छेदात माणसं आणि काळ दोन्ही असतात : १५ ते ४९ वयाच्या लाख स्त्रियांमागे एका वर्षात किती मातामृत्यू. प्रमाण तिसरं. या वयात मेलेल्या सगळ्या स्त्रियांपैकी किती जणी मातामृत्यूने गेल्या, हा हिस्सा. गोंधळात भर म्हणजे इंग्रजीत गुणोत्तर आणि दर या दोघांचंही लघुरूप 'एमएमआर' होतं.

आता एक कल्पित जिल्हा घ्या. १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया १० लाख, वर्षात जिवंत जन्म ८०,०००, मातामृत्यू ८०. गुणोत्तर १००, दर ८. काही वर्षांनी स्त्रिया तितक्याच, पण कुटुंबं लहान झाली. जन्म ६०,०००, मातामृत्यू ६०. दर ६ वर आला, म्हणजे २५ टक्के घट. गुणोत्तर मात्र १०० वर जागच्या जागी. प्रसूतीच्या टेबलावरची स्त्री तसूभरही सुरक्षित झालेली नाही. रक्तपेढी तितकीच लांब, भूलतज्ज्ञ तितकाच दुर्मिळ. तरी दर दाखवून आरोग्यसेवा सुधारल्याची जाहिरात करता येते. हिस्सा तर याहून फसवा. मातामृत्यू ८० च राहिले आणि एखाद्या साथीत या वयाच्या स्त्रियांचे एकूण मृत्यू १,००० वरून १,६०० झाले, तर हिस्सा ८ टक्क्यांवरून ५ वर येतो. साथीलाच सुधारणा म्हणायचं का?

देशाचे आकडेही हेच सांगतात. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१४-१६ मध्ये भारताचं गुणोत्तर १३० होतं, २०१८-२० मध्ये ९७. घट सुमारे २५ टक्के. त्याच काळात दर ८.८ वरून ६.० वर आला, म्हणजे सुमारे ३२ टक्के घट. मधला फरक दवाखान्यांनी कमावलेला नाही, तो बायकांच्या वाट्याला बाळंतपणं कमी आल्यामुळे पडला आहे. दर निरुपयोगी आहे असं मुळीच नाही. स्त्रीच्या आयुष्यात हा धोका किती, या प्रश्नाला तोच योग्य. पण आलेलं बाळंतपण किती सुरक्षित, हे विचारायचं तर गुणोत्तरच लागतं.

सगळ्यात मोठा अन्याय होतो तो रुग्णालयांची तुलना करताना. समजा एका मोठ्या सरकारी रुग्णालयात वर्षाला १०,००० जिवंत जन्म झाले आणि ४० माता दगावल्या. गुणोत्तर ४००. लगेच 'मृत्यूचा सापळा' असा मथळा. पण त्या ४० पैकी १५ जणी बाहेर बाळंत होऊन, रक्तस्राव थांबेना म्हणून इथे आणलेल्या असतील तर? त्यांचे मृत्यू इथल्या अंशात, त्यांची बाळं मात्र दुसऱ्याच्या छेदात. त्या वगळल्या तर आकडा २५० होतो. उरलेल्या २५ मध्येही ऐनवेळी इथे पाठवलेल्या अवघड केसेस असणारच. आणि ज्या नर्सिंग होमने त्या १५ जणींना ॲम्ब्युलन्समध्ये घालून पाठवलं, त्याच्या खात्यावर शून्य मृत्यू.

हे टाळायचं तर मृत्यू रुग्णालयाच्या नव्हे, स्त्री राहते त्या तालुक्याच्या खात्यावर मांडावा आणि छेदातही त्याच तालुक्यातल्या स्त्रियांना झालेली बाळं घ्यावीत, मग ती कुठेही जन्मलेली असोत. तालुक्यात मृत्यू मोजकेच असतात, एखाददुसऱ्याने आकडा उड्या मारतो. म्हणून तीन-चार वर्षं एकत्र करावी लागतील. हे कष्टाचं काम आहे. ते टाळून रुग्णालयांची क्रमवारी छापली, तर सर्वात वर तेच बसतील जे अवघड बाईला दारातून परत पाठवतात.