कचऱ्याची फिरकी आणि शेवटचा नोबॉल

क्रीडापटांवरची प्रश्नमंजुषा या अंकात आहे. ती जुळवताना देवपुरातल्या आमच्या बैठकीत सर्वांत जास्त वाद झाला तो ‘लगान’वर. आशुतोष गोवारीकर यांच्या या 2001 च्या चित्रपटातला चंपानेरचा संघ काल्पनिक, पण सामना क्रिकेटच्या नियमांना धरून चालतो. म्हणून त्यावर प्रश्न विचारायला मजा येते.

उदाहरणार्थ, कचऱ्याची फिरकी पहिल्या दिवशी का चालत नाही? नशीब, असं उत्तर आलं तर आम्ही गुण देणार नाही. चेंडू नवा आहे, गुळगुळीत आहे, म्हणून वळत नाही. तो झिजून खरखरीत झाला की तोच कचरा सलग तीन बळी घेतो. दुबळ्या संघाच्या कथेत चमत्कार सोपा असतो. इथे त्याला कारण दिलंय, हे लेखकांचं कसब.

शेवटाचंही तसंच. कचऱ्याला एकच धाव मिळते आणि सामना हातचा गेला असं वाटतं, तेवढ्यात पंच नोबॉल देतात. नोबॉल षटकात मोजत नाहीत, पण धाव मात्र धरली जाते. त्यामुळे एक चेंडू उरतो आणि समोर भुवन येतो. कॅप्टन रसेल झेल घेतो खरा, पण सीमारेषेच्या बाहेर! म्हणजे षटकार.

तेव्हा वाचकहो, उत्तरात नुसतं ‘भुवन जिंकला’ लिहू नका, कसा जिंकला ते लिहा.