इंजेक्शनविना दिसणारा खडा

ठाणे असो वा कल्याण-डोंबिवली, एमआरआय केंद्रातून ‘एमआरसीपी’ करून बाहेर पडणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकांना एक शंका हमखास येते. शेजारच्या रुग्णाला शिरेतून कॉन्ट्रास्ट दिले आणि आपल्याला साधी सुईसुद्धा टोचली नाही, म्हणजे तपासणी अर्धीच झाली की काय? ही शंका दूर व्हायला हवी. पित्तनलिकेतला खडा शोधताना कॉन्ट्रास्टचे काम शरीरातले पित्तच करते.

डोंबिवलीतली अठ्ठेचाळीस वर्षांची गृहिणी आहे असे समजू. बरगडीखाली उजवीकडे कळा येतात, डोळे किंचित पिवळे दिसतात. बिलिरुबिन २.६. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे आहेत आणि एरवी सहा मिलिमीटरपर्यंत रुंद असणारी मुख्य पित्तनलिका नऊ मिलिमीटर झाली आहे. नलिकेचे खालचे टोक मात्र आतड्यातल्या वायूमुळे दिसत नाही, कारण ध्वनिलहरी वायूच्या पलीकडे जात नाहीत. पित्ताशयातला एखादा खडा घसरून तिथे अडकला आहे का, हा प्रश्न उरतो.

एमआरआय यंत्र शरीरातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना रेडिओलहरींचा धक्का देते आणि त्यांच्याकडून परत येणारा क्षीण संदेश टिपते. यकृत, स्नायू, चरबी यांचा संदेश लवकर विझतो. साचलेल्या द्रवाचा बराच वेळ टिकतो. एमआरसीपीत संदेश मुद्दाम उशिरा, काही वेळा अर्ध्या सेकंदाहूनही अधिक थांबून टिपला जातो. तोवर आजूबाजूचे सगळे काळवंडते आणि पित्त व स्वादुपिंडाचा रस तेवढा पांढराशुभ्र उजळतो. वाहते रक्तही या चित्रात काळेच दिसते. खडा घन असल्याने त्याचा संदेश जवळजवळ येतच नाही. पांढऱ्या नलिकेत काळा ठिपका आणि त्याभोवती पित्ताची चंद्रकोर, हीच त्याची ओळख.

गॅडोलिनियमचे कॉन्ट्रास्ट आणि क्ष-किरण दोन्ही नसल्याने मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णालाही ही तपासणी करता येते. मात्र पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर आधी सांगायलाच हवे. चार-सहा तास उपाशी राहायला सांगतात तेही याच तत्त्वामुळे, कारण जठरातले पाणीही तितकेच चमकते आणि नलिकेवर पडद्यासारखे पसरते. काही ठिकाणी तपासणीपूर्वी अननसाचा रस देतात, कारण त्यातल्या मँगनीजमुळे जठरातली ही चमक मावळते.

पण प्रत्येक काळा ठिपका खडा नसतो. नलिकेतला हवेचा बुडबुडाही काळाच दिसतो. रुग्ण उताणा झोपलेला असल्याने बुडबुडा पित्तावर तरंगून पुढच्या बाजूला राहतो आणि खडा बहुधा मागे बसतो. आडव्या छेदात हा फरक कळतो. उलट, तीन-चार मिलिमीटरचा खडा निसटूही शकतो, विशेषतः नलिका आतड्यात उघडते त्या अरुंद तोंडाशी. सगळ्या नलिका एकत्र दाखवणाऱ्या जाड चित्रात आजूबाजूचे पांढरे पित्त लहान खड्याला गिळून टाकते. म्हणून पातळ छेद एकेक करून पाहावे लागतात. रुग्णाने श्वास नीट रोखला नाही तर तेही धूसर येतात. नलिकेत गाठ असल्याचा संशय आला तर मात्र कॉन्ट्रास्ट लागते. तो प्रश्नच वेगळा.

या गृहिणीच्या पातळ छेदांत खालच्या टोकाला पाच मिलिमीटरचा खडा दिसला, तर पुढची पायरी ईआरसीपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून तो खडा काढणे. नलिका स्वच्छ दिसली आणि काविळीचे आकडे उतरत असले, तर थेट पित्ताशयाची शस्त्रक्रिया करता येते. एमआरसीपीचे मोल या निवडीत आहे. ईआरसीपीनंतर शंभरातल्या सुमारे तीन ते दहा रुग्णांच्या स्वादुपिंडाला सूज येते. खडा आहे की नाही एवढेच पाहण्यासाठी हा धोका पत्करणे आता समर्थनीय नाही.

त्याच न्यायाने, एमआरसीपीही सरसकट लिहून देऊ नये. सोनोग्राफीतच नलिकेतला खडा स्पष्ट दिसला असेल, किंवा कावीळ, थंडी वाजून ताप आणि पोटदुखी एकत्र आली असेल, तर रुग्णाला एमआरआयच्या तारखेसाठी ताटकळत ठेवणे चूक आहे. तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला की तासांचा हिशेब असतो. तिथे आधी नलिका मोकळी करायला हवी. शिवाय खडे जागा बदलतात. आठवड्यापूर्वीच्या फिल्मवर खडा नसला आणि आज डोळे अधिक पिवळे झाले असले, तर विश्वास आजच्या डोळ्यांवर ठेवावा.