शाल नंतर, पत्र आधी

परिसंवाद संपला की वक्त्याच्या खांद्यावर शाल, हातात श्रीफळ आणि काखेत काचेचे स्मृतिचिन्ह येते. सीमाभागातील आपल्या कार्यक्रमांत हा उपचार चुकत नाही. चुकते ते त्यापूर्वीचे निश्चितीचे ई-पत्र. ‘प्रवास, निवास व यथोचित मानधनाची व्यवस्था करण्यात येईल’ या एका वाक्यावर ते आटोपते. त्यातील ‘यथोचित’ हा शब्द दोन्ही बाजूंना दोन निरनिराळे आकडे सांगतो.

समजा, बेळगावातील परिसंवादासाठी इंदूरहून एक अभ्यासक पुणे, मिरजमार्गे रेल्वेने येणार आहेत. ५,००० रुपये मिळतील, असे त्यांना दूरध्वनीवर सांगितलेले आहे. त्यांनी ते मानधन समजले. आयोजकांच्या मनात त्यात प्रवासखर्चही धरलेला होता. जाण्यायेण्यास ४,४०० रुपये लागले, तर दोन दिवसांच्या श्रमाचे ६०० उरले. सत्काराच्या साहित्यावर मात्र १,२०० रुपये, म्हणजे मानधनाच्या दुप्पट खर्च झाला. कोणीही लबाडी केली नाही, तरी पाहुणा दुखावून परततो आणि पुढच्या वर्षी ‘प्रकृती बरी नाही’ असे कळवतो.

हे टाळण्यास चार वाक्ये पुरतात:

‘आपले जाण्यायेण्याचे तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्याचे भाडे तिकिटाप्रमाणे आम्ही देऊ, तिकीट आपण काढावे. शनिवारी सकाळपासून रविवारी सायंकाळपर्यंत आपणासाठी स्वतंत्र खोली राखली असून भोजनाचा खर्च आमचा आहे. मानधन ३,००० रुपये, प्रवासखर्चाहून वेगळे, कार्यक्रमानंतर आठ दिवसांत बँक खात्यात जमा होईल. आपल्या व्याख्यानास चाळीस मिनिटे आहेत.’

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. पत्र त्यापूर्वीच पोहोचावे; उशीर झाल्यास तत्काळ तिकिटाचा भुर्दंड कोणी सोसायचा, हा नवा वाद उभा राहतो. संस्थेची ऐपत नसेल, तर ‘मानधन देऊ शकत नाही’ असे स्पष्ट लिहावे. ते वाचून नकार देणारे थोडे. व्यासपीठामागे बंद पाकीट उघडून खट्टू होणारे अधिक.

भेटवस्तूचाही विचार पाहुण्याच्या पिशवीपासून करावा. विमानाने परतणाऱ्यास नारळ हातातील सामानात नेता येत नाही. तो खोलीतच राहतो. काचेचे चिन्ह वाटेत फुटते, आणि नित्य बोलावल्या जाणाऱ्या वक्त्याच्या घरी शालींची चळत असते. त्यापेक्षा आपल्या भागातील लेखकाचे एखादे पुस्तक द्यावे, आणि त्याच्या पहिल्या पानावर वक्त्याच्या भाषणातील कोणता मुद्दा मनाला भिडला ते दोन ओळींत लिहावे. ते भाषण ऐकल्यावरच लिहिता येते, म्हणूनच ती खरी पोच ठरते.

भेट कितीही सुंदर असली, तरी ती मानधनाची जागा घेत नाही. ‘मानधन’ या शब्दात मान आणि धन दोन्ही आहेत. धनाचा आकडा पत्रात आधी सांगणे, हाही मानच होय.